गर्दीच्या वेळी शॉट पळायला लागतो: ग्राइंडरची उष्णता, मोटरचा वेग आणि बदलणारी चव

तक्रार

सकाळी आठला दळण लावलं. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २८-२९ सेकंद, चव जमलेली. साडेनऊला गर्दी सुरू झाली आणि पंधराव्या-सोळाव्या शॉटपर्यंत तेच ३६ ग्रॅम २१-२२ सेकंदांत कपात उतरायला लागले. चव आंबट, पातळ, शेवटी जिभेवर किंचित खारट. बरिस्ता दळण बारीक करतो, गाडी रुळावर येते. अकराला गर्दी ओसरते, ग्राइंडर तासभर नुसता उभा राहतो आणि त्यानंतरचा पहिला शॉट धड वाहतच नाही: ४० सेकंद, कडू, जिभेला कोरडा. मग पुन्हा दळण जाड. दुपारी चारला हाच खेळ परत.

बीन्स तेच, मशीन तेच, पूड दाबून टॅम्प करणारा हातही तोच असेल, तर संशय ग्राइंडरच्या उष्णतेवर घ्यायला हरकत नाही. पण संशय म्हणजे निदान नव्हे. उष्णतेसारखीच लक्षणं दाखवणारी आणखी तीन-चार कारणं आहेत आणि त्यातली काही फुकटात दुरुस्त होतात. म्हणून आधी उष्णता नेमकं काय करते ते पाहू, मग तपासणी, मग उपाय.

इथे डोळ्यांसमोर ठेवलेला ग्राइंडर म्हणजे छोट्या कॅफेत सर्रास दिसणारा प्रकार: ६४ मिलिमीटरचे पोलादी फ्लॅट बर, म्हणजे दाणे भरडणाऱ्या दातेरी चकत्या, खालून थेट मोटरच्या दांड्याला जोडलेले, वर बीन्सचा किलोभराचा हॉपर, पुडीचा डोस टायमरवर. शंकूच्या आकाराचे कोनिकल बर आणि वेग बदलता येणारे ग्राइंडर यांचा विषय ओघात येईल.

उष्णता येते कुठून

गिरणीतून आणलेल्या पिठाचा डबा हाताला गरम लागतो, त्यामागचंच कारण इथेही आहे. दाणा फोडायला लागलेली ऊर्जा शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. फरक इतकाच की गिरणीत दळण सलग चालतं आणि इथे पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यांत.

ढोबळ हिशेब मांडून बघा. अशी मोटर रिकामी फिरताना २०० वॅट आणि दळताना ४०० वॅट घेते असं धरू. १८ ग्रॅमला सहा सेकंद लागले, म्हणजे एकूण २४०० ज्यूल. त्यातले निम्मे मोटरच्या वेटोळ्यात आणि बेअरिंगमध्ये जातात, उरलेले १२०० ज्यूल बरच्या दातांमध्ये. ते पूड आणि बर यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले असं समजलं, तर पुडीच्या वाट्याला ६०० ज्यूल येतात. १८ ग्रॅम कॉफी एक अंशाने तापायला सुमारे ३० ज्यूल पुरतात, म्हणजे पूड बीन्सपेक्षा साधारण २० अंशांनी गरम होऊन बाहेर पडते. ३० अंशांच्या खोलीत ५० अंशांची पूड. ही गोष्ट पहिल्या शॉटलाही लागू आहे. त्यात बिघाड काहीच नाही.

खरी भानगड दुसऱ्या निम्म्याची. बरची जोडी पाव किलोच्या आसपास वजनाची असते. ६०० ज्यूल फक्त तिच्यातच अडकले असते तर दर शॉटला बर पाचेक अंशांनी तापले असते. प्रत्यक्षात बरची बैठक, दांडा, भोवतालचं ॲल्युमिनियमचं घर हे सगळं ती उष्णता वाटून घेतं, म्हणून दर शॉटमागची वाढ अंश-दीड अंशावर येते. दोन शॉटमध्ये चार-पाच मिनिटं मिळत असतील तर तीही निघून जाते. मिनिटाला एक शॉट चालू झाला की मात्र जमा जास्त आणि खर्च कमी होतो, आणि वीस शॉटमध्ये दळणकक्ष २०-२५ अंशांनी वर चढतो. त्यानंतर चढ मंदावतो, कारण गरम धातू हवेला उष्णता जास्त वेगाने देतो. म्हणून गर्दीतला सगळ्यात त्रासदायक टप्पा पाचव्यापासून विसाव्या शॉटपर्यंतचा असतो. त्यापुढे ग्राइंडर गरम राहतो, पण निदान स्थिर असतो.

इथेच एक फसवी गोष्ट आहे. थेट जोडणीच्या ग्राइंडरमध्ये मोटर बरच्या अगदी खाली बसलेली असते. गर्दी थांबली, मोटर बंद झाली, तिचा पंखाही थांबला की वेटोळ्यातली उष्णता दांड्यावरून वर सरकत राहते. बंद केल्यावर पुढची काही मिनिटं दळणकक्ष थंड होण्याऐवजी आणखी तापू शकतो. शिवाय बरच्या वरच्या घशात अडकलेले २०-३० ग्रॅम बीन्स तिथेच शेकत बसलेले असतात. ‘दहा मिनिटं विश्रांती दिली, तरी शॉट आणखी पळाला’ ही तक्रार इथून येते. अशा वेळी घशातले बीन्स दळून टाकून द्यायचे आणि मगच मोजायला सुरुवात करायची.

उष्णतेने प्रवाह का बदलतो

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढू शकतात.

पहिली, दाण्याचा ठिसूळपणा. थंड दाणा कडकन फुटतो, गरम दाणा किंचित मऊ पडून दबतो आणि मग तुटतो. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात बाथ विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांचा एक निबंध आला होता. त्यात खोलीच्या तापमानाचे, फ्रीझरमधले, सुक्या बर्फातले आणि द्रव नायट्रोजनमधले बीन्स एकाच सेटिंगवर दळले होते. दाणा जितका थंड, तितकी पूड बारीक आणि एकसारखी, असा त्याचा निष्कर्ष. तो प्रयोग खोलीच्या तापमानाखालचा होता, वरचा नाही. पण वर गेल्यावर उलटं होतं, हा अंदाज बारवरच्या अनुभवाशी जुळतो. गरम कक्षात तीच सेटिंग जरा जाड पूड देते, अतिबारीक कण कमी पडतात, पाण्याला वाट सोपी होते आणि शॉट पळतो.

दुसरी, धातूचं प्रसरण. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. म्हणजे ३० मिलिमीटर उंचीचं ॲल्युमिनियमचं घर २५ अंशांनी तापलं तर १७ मायक्रॉन वाढलं, आणि त्याच्या आतला तितक्याच लांबीचा पोलादी दांडा ९. दोन्हींतला फरक ८ मायक्रॉन. हा फरक बरमधली फट वाढवतो की कमी करतो, ते वरचा बर कशावर टेकलेला आहे आणि बेअरिंग कुठे आवळलेलं आहे यावर ठरतं. काही ग्राइंडरमध्ये फट मिटत जाते आणि गर्दीत शॉट पळण्याऐवजी मंदावतो.

८ मायक्रॉन ऐकायला नगण्य वाटतात. पण दळण जाड-बारीक करायला जी कॉलर फिरवतात तिच्या आट्यांची पिच १.५ मिलिमीटर धरली, तर एक पूर्ण फेरा म्हणजे १५०० मायक्रॉन आणि ८ मायक्रॉन म्हणजे जेमतेम दोन अंशांचं वळण. ८० मिलिमीटर व्यासाच्या कॉलरच्या कडेवर ते सव्वा-दीड मिलिमीटर भरतं. एस्प्रेसोत एवढ्या हालचालीने शॉटची वेळ दोन-तीन सेकंदांनी बदलते, हे कॉलर हाताळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणजे तुम्ही हात न लावताही कॉलर तेवढी फिरल्यासारखीच आहे.

तात्पर्य, ‘गरम ग्राइंडरमध्ये शॉट पळतोच’ असा नियम नाही. बहुतेक वेळा पळतो. तुमचा कुठल्या बाजूला जातो ते मोजून ठरवायचं.

मोटरच्या वेगाचा भाग

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार ध्रुवांची इंडक्शन मोटर त्यावर १५०० आरपीएमच्या जरा खाली, म्हणजे भाराखाली १३५० ते १४०० च्या आसपास फिरते. ६४ मिलिमीटरच्या बरची कड या वेगाने सेकंदाला सुमारे ४.७ मीटर धावते. गिअर लावलेला ६८ मिलिमीटरचा कोनिकल ४२० आरपीएमवर फिरत असेल तर त्याची कड १.५ मीटरने. वेग जास्त असला की दर सेकंदाला दाण्यावर आघात जास्त, घर्षण जास्त आणि त्याच वेळात साठणारी उष्णताही जास्त. मात्र कमी वेग म्हणजे थंड दळण, हे जाहिरातीतलं वाक्य अर्धंच खरं आहे. दाणा फोडायला लागणारी ऊर्जा वेगावर फारशी अवलंबून नसते. कमी होतं ते मुख्यतः वरचं घर्षण आणि पूड बरमध्ये पुन्हा पुन्हा भरडली जाणं.

वेग बदलता येणारा ग्राइंडर असेल तर एक मोह टाळा. गर्दीत शॉट पळायला लागला म्हणून आरपीएम कमी करू नका. वेग उतरवला की बहुतेक फ्लॅट बर अतिबारीक कण कमी काढतात, म्हणजे शॉट आणखी पळतो. शिवाय दळायचा वेळ लांबतो, टायमर असेल तर डोस कोसळतो, आणि हलक्या भाजणीच्या कडक दाण्यावर मोटर अडकूही शकते. वेग एकदा ठरवा, त्या वेगावर दळण लावा आणि दिवसभर त्याला हात लावू नका. फिरवायची ती फक्त कॉलर.

चव नेमकी का बदलते

‘गरम ग्राइंडरमध्ये कॉफी जळते’ असं बरेच जण म्हणतात. जळत नाही. हा दाणा भट्टीत २०० अंशांच्या वर जाऊन आलेला आहे. ५०-५५ अंशांवर काही सेकंद राहिल्याने त्याची भाजणी पुढे सरकत नाही. चव बदलते ती तीन वाटांनी, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

सगळ्यात मोठा वाटा प्रवाहाचा. शॉट २९ वरून २१ सेकंदांवर आला की पाण्याला पुडीतून उतरवायला कमी वेळ मिळतो. आम्लता आधी उतरते, गोडवा आणि जडपणा मागे राहतो. चिकमंगळूरच्या मध्यम भाजणीच्या बीन्समध्ये जिथे सकाळी गूळ आणि भाजक्या शेंगदाण्याची आठवण येत होती, तिथे आता कच्च्या लिंबाची धार आणि मागे रिकामेपणा. हा भाग दळण सुधारून जवळजवळ पूर्ण परत येतो.

दुसरा वाटा सुगंधाचा. गरम पुडीतून बाष्पशील सुगंध आणि कार्बन डायऑक्साइड लवकर सुटतात. गरम ग्राइंडरजवळ उभं राहिलं की वास छान दरवळतो; तो कपात येणार नाही, एवढं लक्षात ठेवा. नुकसान थोडं असतं, पण पूड पोर्टाफिल्टरमध्ये मिनिटभर ताटकळत ठेवली तर वाढतं. गर्दीत ‘पुढच्यासाठी दळून ठेवतो’ ही सवय म्हणूनच महागात पडते.

तिसरा वाटा साचलेल्या पुडीचा. गरम बर आणि बाहेर पडायची नळी यांवर तेलाचा थर बसतो, त्याला पूड चिकटते, तिथेच शेकत राहते आणि थोडी थोडी सुटून पुढच्या शॉटमध्ये मिसळते. कडवट, खवट, जुन्या तेलासारखी झाक आली आणि दळण कितीही सुधारलं तरी ती जात नसेल, तर हेच कारण. गडद भाजणी आणि रोबस्टाचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणांत हे लवकर होतं. यावर कॉलर फिरवणं हा उपाय नाही. ग्राइंडर उघडून ब्रशने झाडणं, हा आहे.

तपासणी

साहित्य फार लागत नाही: ०.१ ग्रॅम मोजणारा काटा, घड्याळ आणि बारीक टोकाचा प्रोब असलेला थर्मामीटर. इन्फ्रारेड बंदूक पुडीच्या पृष्ठभागावर बरी चालते, चकचकीत बरवर नाही. चमकणारा धातू तिला हमखास थंड दाखवतो. प्रोब टॅम्प करण्याआधी पुडीत खुपसा आणि आकडा थांबेपर्यंत पाच-सहा सेकंद थांबा.

एका गर्दीची नोंद ठेवा. दर पाचव्या शॉटला चार आकडे: पुडीचं वजन, पुडीचं तापमान, कपातलं वजन, वेळ. नमुन्यादाखल अशी नोंद धरू, टायमर सहा सेकंदांवर आणि कॉलर न हलवता:

| शॉट | पूड (ग्रॅम) | पुडीचं तापमान | कपात (ग्रॅम) | वेळ (सेकंद) |
|---|---|---|---|---|
| १ | १८.१ | ४१° | ३६ | २९ |
| ५ | १८.० | ४५° | ३६ | २८ |
| १० | १७.७ | ५०° | ३६ | २५ |
| १५ | १७.५ | ५४° | ३६ | २२ |
| २० | १७.४ | ५६° | ३६ | २१ |

पहिल्या नजरेला सगळा दोष तापमानाला द्यावासा वाटतो. पण वजनाचा रकाना बघा. डोस ०.७ ग्रॅमने घसरला आहे, आणि कमी पुडीतून पाणी लवकर निघतंच. म्हणून विसाव्या शॉटनंतर लगेच एक शॉट काट्यावर बरोबर १८.१ ग्रॅम भरून काढायचा. समजा तो २५ सेकंदांत आला. मग आठ सेकंदांच्या घसरणीतले चार डोसचे आणि उरलेले चार उष्णतेचे. इथे कॉलर आठ सेकंदांसाठी फिरवली असती तर दळण गरजेपेक्षा बारीक झालं असतं. बारीक दळणाने टायमरवरचा डोस आणखी उतरला असता, आणि बरिस्ता दिवसभर स्वतःच्याच मागे धावत राहिला असता. बहुतेक कॅफेंमध्ये नेमकं हेच चाललेलं असतं.

डोस का घसरला? अर्धं कारण हॉपरमध्ये सापडतं. किलोभर बीन्सचं वजन घशातल्या दाण्यांना खाली ढकलत असतं. पातळी खाली गेली की दाणे बरवर उड्या मारतात आणि सेकंदाला कमी पूड निघते. हॉपर पुन्हा सकाळच्या पातळीला भरा आणि एक शॉट काढा. डोस परत आला तर तो भाग उष्णतेचा नव्हताच.

आता मशीनला बाजूला काढायचं. सलग शॉटमध्ये ग्रुपचं, म्हणजे मशीनच्या ज्या भागातून पुडीवर पाणी पडतं त्याचं, तापमानही हलतं, त्याचा दोष ग्राइंडरच्या माथी मारला जाऊ नये. त्यासाठी ग्राइंडर पूर्ण थंड असताना, दुकान उघडण्याआधी, काही न दळता ग्रुपमधून मिनिटाला ४० मिलिलिटर पाणी पंधरा-वीस वेळा सोडा, म्हणजे मशीन गर्दीत असल्यासारखी वागेल. मग थंड ग्राइंडरवर शॉट काढा. तो २९ सेकंदांचा आला तर मशीन निर्दोष आहे. तो २३ चा आला तर ग्राइंडरवर वेळ घालवू नका. अडचण ग्रुपच्या तापमानात किंवा पंपाच्या दाबात आहे.

हवेची आर्द्रता हेही कारण असतं, विशेषतः जून-जुलैत मुंबई-कोकणात. ओळखायची खूण सोपी आहे: उष्णतेचा बदल गर्दीसोबत येतो आणि ग्राइंडर निवला की जातो; दमटपणाचा बदल गर्दी असो-नसो, पाऊस पडला की येतो आणि तासाभराच्या विश्रांतीने जात नाही.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

टायमर सोडा, वजन धरा. गर्दीतसुद्धा दर पोर्टाफिल्टर काट्यावर ठेवायला तीन सेकंद जातात. टायमर किंचित जास्त ठेवायचा, १८.३ वगैरे, आणि वरचं चमच्याने काढायचं. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो, असं वरच्या हिशेबातही दिसलं.

कॉलरवर दोन खुणा करा. थंड ग्राइंडरची एक, गरम ग्राइंडरची एक. मास्किंग टेपच्या पट्टीवर पेन्सिलीने केल्या तरी चालतं. आठवडाभराच्या नोंदींतून दोन्हींमधलं अंतर कळतं, आणि ते दर वेळी साधारण तेवढंच असतं. मग दहाव्या शॉटच्या सुमाराला अर्धं अंतर, विसाव्याला उरलेलं, असं अंदाजाने नव्हे तर ठरवून फिरवायचं. एकाच शॉटवरून कॉलर हलवू नका. लागोपाठ दोन शॉट एकाच बाजूला गेले तरच हलवा. आणि हलवल्यावर चार-पाच ग्रॅम दळून टाकून द्या, कारण कक्षात आणि नळीत जुन्या सेटिंगची पूड शिल्लक असते. दळलेली पूड डोझरमध्ये साठवणाऱ्या जुन्या ग्राइंडरमध्ये ती याहून बरीच जास्त असते. बारीक करताना मोटर चालू ठेवायची, नाहीतर दातांमध्ये अडकलेली पूड कॉलर दाबून धरते.

गर्दी संपली की कॉलर ताबडतोब थंड खुणेवर आणू नका. वर सांगितल्याप्रमाणे कक्ष काही मिनिटं तापतच असतो. अर्ध्या तासाने आणा आणि आधी घशातले बीन्स काढा.

उष्णता बाहेर जायला वाट द्या. ग्राइंडरच्या तळाच्या किंवा पाठीच्या जाळ्या एकदा उलट्या करून बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात कॉफीच्या धुळीचा जाड थर बसलेला असतो. प्लग काढून मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. फुंकर मारून धूळ आत ढकलू नका. ग्राइंडर आणि मशीनच्या बाजूचा पत्रा यात निदान वीतभर अंतर हवं. स्टीमची नळी ग्राइंडरच्या दिशेने वळलेली नको. आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात काउंटरच ४० अंशांवर असेल, तर बीन्सचं पोतं छताखालच्या माळ्यावर न ठेवता दुकानातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. घशात पडणारा दाणा ३८ चा आहे की २६ चा, याने पुडीचं तापमान जवळपास तितकंच खालीवर होतं.

फ्रीझरमधले बीन्स थेट हॉपरमध्ये ओतू नका. त्यांच्यावर दव धरतं, ते पाणी बरमध्ये जातं, आणि हॉपरमधले बीन्स अर्ध्या तासात गरम होतच असल्याने दर शॉट वेगळा निघतो. गोठवून दळायचं असेल तर १८-१८ ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या कुप्या करा आणि काढल्या काढल्या दळा. ही पद्धत घरगुती किंवा महागड्या बीन्सच्या एकेका कपासाठी ठीक आहे, गर्दीसाठी नाही.

बर बदला. बोथट बर दाणा कापण्याऐवजी चिरडतात आणि त्याच १८ ग्रॅमला जास्त वेळ घेतात. नवीन असताना सहा सेकंद लागायचे आणि आता त्याच चवीसाठी आठ लागतात, असं झालं की मोटर दर शॉटला एक तृतीयांश जास्त चालते आणि उष्णताही तेवढी वाढते. नवे बर बसवले त्या दिवशीचा हा आकडा टेपवर लिहून ठेवा, म्हणजे वाद उरत नाही. पोलादी ६४ मिलिमीटरचे बर काही शे किलो कॉफीपर्यंत टिकतात. नेमका आकडा बनवणारे देतात. दिवसाला चार किलो दळणाऱ्या कॅफेत महिन्याला सव्वाशे किलो होतात, म्हणजे ‘अजून वर्षच झालंय’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. बदलताना बैठकीवरची पूड पूर्ण पुसा. बरखाली राहिलेला एक कण बर तिरका बसवतो, आणि तिरके बर एका बाजूला घासून जास्त तापतात.

भार वाटा. तासाला ४०-५० शॉट रोजचेच असतील तर एकाच ६४ मिलिमीटरच्या ग्राइंडरकडून अपेक्षा करणं चूक आहे. त्याच्या पाटीवर किती सेकंद चालवून किती थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. तेच बीन्स घातलेला दुसरा ग्राइंडर शेजारी ठेवून आळीपाळीने वापरला की दोघांनाही निवायला दुप्पट वेळ मिळतो. दुसरा रस्ता मोठ्या बरचा: ७५-८३ मिलिमीटरला तेच १८ ग्रॅम अडीच-तीन सेकंदांत होतात आणि तापायला धातूही जास्त असतो. काही उत्पादकांनी याच्या उलट वाट धरली. नुओवा सिमोनेलीचा मिथोस वन दळणकक्ष मुद्दाम तापवून ठराविक पट्ट्यात ठेवतो, म्हणजे पहिला आणि पन्नासावा शॉट सारख्याच गरम बरमधून निघतो. गरम असण्यापेक्षा गरम-थंड होत राहणं जास्त वाईट, हा त्यामागचा विचार, आणि तो पटण्यासारखा आहे.

वीज तपासा

हे शेवटी लिहिलं आहे कारण बहुतेक ठिकाणी दोष इथे नसतो. पण असला की बाकीचे उपाय लागू पडत नाहीत. ग्राइंडरच्याच सॉकेटवर, मशीनचा हीटर चालू असताना आणि ग्राइंडर दळत असताना, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्या. सॉकेट उघडं पडणार असेल तर ते काम वायरमनला द्या. २३० च्या जागी २०० दिसले तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश उरतो. वेग फारसा पडत नाही, म्हणून कानाला कळत नाही. पण मोटर जास्त प्रवाह खेचते आणि वेटोळं तापतं. तीन-चार किलोवॅटच्या मशीनसोबत एकाच तारेवर असलेला ग्राइंडर हमखास यात सापडतो. त्याला वेगळी लाइन द्या. तीही पुरली नाही तर स्टॅबिलायझर लावा, मात्र मोटर सुरू होतानाचा कित्येक पट प्रवाह सोसेल असा.

अमेरिकेहून परतताना सामानात आणलेला ग्राइंडर हा वेगळाच पेशंट. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून तो चालतो, पण ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेली इंडक्शन मोटर इथल्या ५० वर सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि तिच्या गाभ्यात चुंबकीय प्रवाह वाढल्याने दळण न करताही तापते. पाटीवर ५०/६० लिहिलं असेल तर वापरा, दळण मात्र नव्याने लावावं लागेल. नुसतं ६० असेल तर घरात दिवसाला दोन कपांपुरता ठीक, कॅफेत नको.

मोटर गुणगुणते पण फिरायला वेळ घेते, किंवा हाताने ढकलल्यावर सुरू होते, तर कपॅसिटर उतरला आहे. तो स्वस्त असतो. पण आत साठलेला विजेचा भार धक्का देतो, त्यामुळे बदलायचं काम माहीतगार माणसाचं. गर्दीत ग्राइंडर अचानक बंद पडून वीस-तीस मिनिटांनी आपोआप किंवा तळाचं बटण दाबल्यावर सुरू होत असेल, तर उष्णतेचा कटआउट उडतो आहे. आठवड्यात दुसऱ्यांदा उडाला की तो पुन्हा दाबून काम चालवू नका. बर अडकले आहेत का, जाळ्या तुंबल्या आहेत का आणि व्होल्टेज किती आहे, या क्रमाने बघा. वार्निश जळल्यासारखा उग्र वास येत असेल तर तो कॉफीचा नाही, वेटोळ्याचा आहे. प्लग काढा आणि ग्राइंडर मोटर रिवाइंड करणाऱ्याकडे न्या.